कागदातली आज्ञा आणि वापरकर्त्याची आज्ञा

«फाइल आपणच दिलेली असते, मग तिच्यात लिहिलेली सूचना एआय मॉडेलने का पाळू नये?»

फाइल आपण देतो, पण तिच्यातली वाक्ये दुसऱ्या कोणाची तरी असतात. जुलै २०२५ मध्ये ‘निक्केई’ या जपानी वृत्तसंस्थेने दाखवून दिले की शोधनिबंध ठेवल्या जाणाऱ्या ‘आर्काइव्ह’ या संकेतस्थळावरील १७ निबंधांत ‘केवळ अनुकूल अभिप्राय द्या’ अशा आशयाच्या सूचना पांढऱ्या किंवा अतिशय बारीक अक्षरांत दडवलेल्या होत्या. निबंध तपासणाऱ्या परीक्षकाच्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत. मात्र त्याने तो निबंध अभिप्रायासाठी मॉडेलला दिला, तर पीडीएफमधून मजकूर वेगळा काढताना रंग आणि आकार गळून पडतात, आणि मॉडेलपुढे ते वाक्य इतर वाक्यांइतकेच स्पष्टपणे येते.

इथे काम सांगणारा परीक्षक आहे, आणि निबंधाचा लेखक हा तर ज्याचे मूल्यमापन व्हायचे तो पक्ष आहे. म्हणून ते वाक्य आज्ञा नसून निबंधात आढळलेली एक गोष्ट ठरते, आणि योग्य वर्तन म्हणजे ते न पाळता परीक्षकाच्या नजरेस आणणे. परीक्षकाने स्वतःच ‘फाइलमधील सूचनांनुसार तक्ता भरा’ असे सांगितले, तर त्या सूचनांना अधिकार मिळतो, पण तो त्या तक्त्यापुरताच.

अडचण अशी की मॉडेलला सर्व काही शब्दांच्या एकाच प्रवाहात मिळते. आज्ञा कोणती आणि नुसता मजकूर कोणता, हा भेद त्याला शिकवावा लागतो आणि तो ओळखताना ते कधी कधी चुकते. त्यामुळे शंका असल्यास पीडीएफमधील सगळा मजकूर निवडून साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये चिकटवून पाहावा; अशी दडवलेली अक्षरे तिथे बहुधा उघडी पडतात.