मदत हवी आहे: मित्रासोबत वेबिनार ठरवलाय आणि तो ऐन वेळी अडून बसलाय

कृष्णाकाठ | शुक्रवार, सकाळी 9:12

मी सांगलीचा. एका मित्राबरोबर एकत्र वेबिनार ठरवला आहे, पुढच्या रविवारी सकाळी 11 ला. विषय 'संपत्तीचं नियोजन'. त्याची माणसं मला कळावीत, माझी त्याला, एवढाच हेतू. पोस्टर तयार आहे. आणि आता हा म्हणतो, पोस्टरवर माझा नंबर नको, 'संपर्क साधा' नको. त्याच्या लोकांची यादीही देणार नाही म्हणे. माझ्याकडून त्याला जे काम जाईल त्यातला थोडा वाटा द्यायचं बोलणं झालं होतं, त्यावरूनही फिरला. सगळं मी करायचं आणि हा नुसता येऊन बोलणार? काय करू? पोस्टर आजच फिरवायचं आहे, लवकर सांगा.

टेकभाऊ | 9:20

सरळ यूट्यूब लाइव्ह करा. यादीबिदी लागतच नाही, कितीही लोक येऊ देत, फुकट. मी सोसायटीच्या सभेसाठी केलं होतं, मस्त झालं.

वाळवंटी | 9:31

मित्र करतो काय? तुम्ही काय करता? फुकट आहे की फी घेणार? झूम कुणाच्या खात्यावर? 'यादी' म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप की ईमेल? एवढं सांगितल्याशिवाय कुणी काय बोलणार?

कृष्णाकाठ | 9:44

फुकट आहे. झूम माझ्या खात्यावर, फुकटवालंच. यादी म्हणजे नाव-नंबर. माझी एक्सेलमध्ये आहे, दोनेकशे गुंतवणूकदार. मी म्युच्युअल फंडात आहे. पण प्रश्न तो नाहीये, प्रश्न त्याच्या वागण्याचा आहे.

रमाकांत काका | 9:58

अरे बाबा, तू काय करतोस ते कळलं. मित्र काय करतो?

कृष्णाकाठ | 10:03

वकील आहे. मृत्युपत्रं, वारसाहक्क, खरेदीखतं वगैरे.

पानाआडची | 10:21

हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. मी पुण्यात वकिली करते आणि एका फंड वितरकाबरोबर असे कार्यक्रम केले आहेत. तुमचा मित्र आडमुठा नाही, तो सनद सांभाळतोय.

बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम 36 आहे. वकिलाने काम मिळवण्यासाठी जाहिरात करायची नाही, थेट नाही आणि आडूनही नाही. परिपत्रक, मध्यस्थ, सगळं त्यात येतं. 'मृत्युपत्र करायचं आहे? संपर्क: अ‍ॅड. अमुक' असं पोस्टर तुम्ही जरी फिरवलंत तरी अडचणीत तो येतो. आणि वाट्याचं म्हणाल तर, वकील नसलेल्या माणसाबरोबर फी वाटून घ्यायची व्यवस्था वकिलाला करताच येत नाही. 'थोडा' असो की निम्मा.

यादीचं तर विचारूच नका. अमका माणूस माझ्याकडे मृत्युपत्र करायला आला होता, ही गोष्टसुद्धा मी बाहेर सांगायची नसते. सांगलीसारख्या गावात नुसतं नाव कळलं की दुसऱ्या दिवशी धाकटा भाऊ दारात.

टेकभाऊ | 10:29

मग सगळेच वकील इन्स्टाग्रामवर रील कसे टाकतात? नियम फक्त कागदावर.

पानाआडची | 10:37

टाकतात हे खरं. म्हणून चालतं असं नाही. 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांची कामं मिळवून देणाऱ्या ऑनलाइन पोर्टलांबद्दल बार कौन्सिलला कारवाई करायला सांगितलं. कायद्याची माहिती देणं वेगळं आणि गिऱ्हाईक बोलावणं वेगळं. रेघ बारीक आहे, पण आहे.

रमाकांत काका | 10:50

यावर एकच उपाय. तुम्ही दोघांनी यजमान व्हायचंच नाही. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघासारख्या संस्थेला यजमान करा. पोस्टर संघाचं, निमंत्रण संघाचं, तुम्ही दोघे पाहुणे वक्ते. आमच्याकडे असंच होतं, कुणाला त्रास नाही.

पानाआडची | 10:58

काका, पोस्टरचा प्रश्न यातून बराच सुटतो, मान्य. पण मग नोंदणीची यादी संघाकडे राहते आणि दोघांची माणसं एकमेकांना भेटतच नाहीत. भेटतात ती संघाची माणसं. कृष्णाकाठ यांचा मूळ हेतूच गेला.

मुलुंडकर | 11:06

मॅडम, तुम्ही वकील आहात म्हणून विचारते. बाबांच्या फ्लॅटवर नॉमिनी मी एकटी आहे. भाऊ म्हणतो अर्धा माझा. सोसायटीने शेअर सर्टिफिकेट माझ्या नावावर केलं तर फ्लॅट माझाच ना?

वाळवंटी | 11:10

ताई, हा धागा वेबिनारचा आहे.

पानाआडची | 11:24

विचारू दे, कारण वेबिनारचा विषय इथेच सापडला. मुलुंडकर, थोडक्यात: सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सदस्य करून घेते, म्हणजे तिला बिलं कुणाच्या नावाने पाठवायची ते कळतं. मालकी मृत्युपत्रावर ठरते, आणि ते नसेल तर वारसा कायद्यावर. कागद बघितल्याशिवाय याहून जास्त सांगणार नाही.

कृष्णाकाठ, 'संपत्तीचं नियोजन' हे नाव काढून टाका. त्यात पहिला अर्धा तास तुम्ही बोलणार, दुसरा अर्धा तास तो. तुमची माणसं तुमचं झालं की उठणार, त्याची उशिरा येणार. विषय असा हवा की एकट्याला त्याचं उत्तर देताच येऊ नये. उदाहरणार्थ, 'नॉमिनी लावलाय, मग मृत्युपत्र कशाला?'

आम्ही काय करतो ते सांगते. एकच कुटुंब घेतो, काल्पनिक. नवरा वारला, फंडात 20 लाख. नॉमिनी म्हणून भावाचं नाव, लग्नाआधी लावलेलं, बदलायचं राहून गेलं. मागे बायको, मुलगी आणि आई. वितरक खातेउतारा पडद्यावर आणतो, नॉमिनीची ओळ दाखवतो आणि सांगतो की मृत्यूचा दाखला, केवायसी आणि बँकेचे कागद दिले की फंड कंपनी पैसे भावाला देणार. इथे तो थांबतो आणि मी सुरू करते. भावाच्या हातात पैसे आले म्हणजे ते त्याचे झाले नाहीत, तो वारसांच्या वतीने धरून आहे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. मृत्युपत्र नाही, कुटुंब हिंदू, तर बायको, मुलगी आणि आई यांना सारखा वाटा, प्रत्येकीला एक तृतीयांश. आईचं नाव घेतलं की चॅट हलायला लागतो, कारण सासूचा वाटा कुणी धरलेलाच नसतो.

मग परत वितरक: नॉमिनी आता कसा बदलायचा, फंडात आता 10 पर्यंत नॉमिनी टक्केवारीसह लावता येतात. मग परत मी: मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही. असं आलटून पालटून केलं की तुमचा गुंतवणूकदार वकिलाला प्रश्न विचारतो आणि त्याचा पक्षकार तुम्हाला. भेट होते ती तिथे. यादी मागून होत नाही.

कृष्णाकाठ | 11:41

हे पटलं. पण मग कोण आलं, कुणाकडून आलं, हे मला कसं कळणार? आणि नंतर फोन कुणाला करायचा?

वाळवंटी | 11:55

नोंदणी फॉर्म एकच ठेवा. प्रत्येकाने आपापल्या लोकांना आपण स्वतःच लिंक पाठवायची. फॉर्मात एक प्रश्न: 'कार्यक्रम कुणाकडून कळला?' आणि खाली दोन वेगळ्या चौकटी, आधीपासून टिक न केलेल्या. एक, फंडांबद्दल तुम्ही संपर्क केलेला चालेल का. दुसरी, वकीलसाहेबांकडून कायदेविषयक माहितीची टिपणं पाठवलेली चालतील का. ज्याने जिथे टिक केली तेवढाच नंबर त्या माणसाकडे. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे, ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामासाठी माहिती वापरायची. एकच 'मला मान्य आहे' आणि दोघांनी यादी वाटून घ्यायची, हे करू नका.

पानाआडची | 12:02

दुसऱ्या चौकटीचं मित्राला आधी विचारा. मी असते तर तीही ठेवली नसती. ज्याला गरज आहे तो वकिलाला शोधत येतो.

वाळवंटी | 12:06

मॅडम, हा अतिरेक वाटतो. समोरच्याने स्वतः टिक केली आहे, टिपणं पाठवणं म्हणजे जाहिरात कशी?

पानाआडची | 12:09

टिपणाच्या खाली ऑफिसचा पत्ता असला की झाली. यावर दोन वकील एकमत होणार नाहीत, म्हणून तर म्हणते त्याला विचारा.

टेकभाऊ | 12:15

फुकट झूम 40 मिनिटांत बंद पडतं आणि 100 च्या वर माणसं घेत नाही. मी आधीच सांगितलं होतं, यूट्यूब!

वाळवंटी | 12:24

40 मिनिटांचं बरोबर आहे, आणि बंद पडेल नेमकं प्रश्नोत्तरांच्या तोंडावर. पण यूट्यूब लाइव्हला कोण आलं ते कळत नाही आणि चॅट सगळ्या गावाला दिसतो. 'माझा दीर नॉमिनी आहे' असं तिथे कोण लिहिणार? महिनाभराचा पैसे भरून प्लॅन घ्या, नोंदणीची सोयही त्यातच मिळते. चॅट फक्त यजमान आणि सहयजमानांना दिसेल असं सेट करा. प्रश्न वाचताना नाव घेऊ नका.

आणि एक. झूममध्ये सहयजमान मीटिंग सुरू झाल्यावर करता येतो, त्याला स्वतःहून मीटिंग सुरू करता येत नाही. तुमच्याकडची वीज गेली तर? आदल्या दिवशी दोघांनी एकदा चालवून बघा. तुम्ही मुद्दाम बाहेर पडा आणि तो पुढे चालू ठेवू शकतो का ते पाहा.

पोटोबा | 12:40

रविवारी सकाळी 11 ला? मटण कोण करणार?

रमाकांत काका | 12:46

हे मात्र खरं. ज्येष्ठांसाठी संध्याकाळी 5 बरं.

पानाआडची | 13:05

पोस्टरचा मजकूर इथे टाका पाहू.

कृष्णाकाठ | 13:18

'संपत्तीचं नियोजन. मार्गदर्शक: (मी), गुंतवणूक सल्लागार, आणि अ‍ॅड. (मित्र), मृत्युपत्र तज्ज्ञ. मोफत! आजच नोंदणी करा.' खाली दोघांचे नंबर.

पानाआडची | 13:27

'मृत्युपत्र तज्ज्ञ' काढा. नुसतं नाव आणि अ‍ॅडव्होकेट. नंबर एकच, तुमचा, आणि तोही नोंदणीच्या अडचणीसाठी. आता तुमची पाळी: तुम्ही सेबीकडे सल्लागार म्हणून नोंदलेले आहात की वितरक?

कृष्णाकाठ | 13:31

वितरक. एआरएन आहे.

पानाआडची | 13:36

मग 'गुंतवणूक सल्लागार' तुम्हालाही लिहिता येत नाही. 'अ‍ॅम्फी नोंदणीकृत म्युच्युअल फंड वितरक' आणि एआरएन नंबर. मित्राचं पोस्टर तपासत होतो, तुमचंच सापडलं.

कृष्णाकाठ | 16:50

मित्राशी बोललो. नाव बदलून तुमचंच घेतलं, 'नॉमिनी लावलाय, मग मृत्युपत्र कशाला?' पोस्टर दुरुस्त केलं. वाट्याचा विषय संपला. फॉर्म एक, पण दुसरी चौकट नकोच म्हणाला. तो त्याच्या लोकांना फोनवर सांगणार, मी व्हॉट्सअ‍ॅपवर. झूमचा प्लॅन घेतला. आता एकच अडलंय: मला रेकॉर्डिंग हवंय, जे आले नाहीत त्यांना पाठवायला. तो म्हणतो प्रश्नोत्तरं रेकॉर्ड होता कामा नयेत.

वाळवंटी | 17:02

उदाहरण संपलं की रेकॉर्डिंग थांबवा आणि तसं मोठ्याने सांगा. मग प्रश्न घ्या. लोक त्यानंतरच मोकळेपणाने विचारतील.

टेकभाऊ | 17:10

प्रश्नोत्तरांशिवाय रेकॉर्डिंग कोण बघणार?

मुलुंडकर | 17:15

लिंक इथे टाकाल का? मुंबईहून जॉइन झालं तर चालेल ना? आणि वेळ 11 की 5?