मदत हवी आहे: घरमालकाच्या नोटिशीला उत्तर, काय कबूल करायचं आणि काय नाकारायचं?

शनिवारची_मीरा:
घरमालकाच्या वकिलाची नोटीस आली आहे. सहा कलमं आहेत, 15 दिवसांत जागा खाली करा म्हणतात. काही गोष्टी खऱ्या आहेत, काही साफ खोट्या. आमचे वकील गावाला गेलेत आणि माझा जीव टांगणीला लागलाय. उत्तराचा मसुदा कसा करायचा? लवकर सांगा.

ओंकार_कोथरूड:
अकरा महिन्यांचा करार असेल तर सरळ डिपॉझिट मागा. माझ्या मालकाने रंगकामाच्या नावाखाली 40 हजार कापले होते. मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला, तेव्हा कुठे पैसे परत मिळाले.

दप्तरी:
मीराताई, आधी हे सांगा: करार आहे की जुनी भाडेकरू जागा? भाडं किती, पावत्या कोणाच्या नावे? नोटीस हातात पडली ती तारीख? आणि सहाही कलमांत काय म्हटलंय?

शनिवारची_मीरा:
जुना वाडा, दोन खोल्या, भाडं 180. पावत्या वडिलांच्या नावे, ते गेले; आई आणि मी तिथेच राहतो. नोटीस परवा आली. (1) नोटीस देणारा मूळ मालकांचा नातू, आता तोच मालक. (2) भाडं 180. (3) 14 महिने भाडं थकलं. (4) परवानगीशिवाय स्वयंपाकाचा ओटा बांधला. (5) पोटभाडेकरू ठेवला, म्हणजे माझा भाचा, तो इथे राहून शिकतो. (6) त्यांना मुलासाठी जागा हवी.

बाजीराव_रोड:
उत्तरच देऊ नका. भाडे नियंत्रण कायद्यात 90 दिवस मिळतात. आणि द्यायचंच असेल तर एक ओळ लिहा, 'सर्व मजकूर खोटा व नाकबूल'. कबूल केलं की मेलात.

दप्तरी:
90 दिवस आहेत, पण ते थकीत भाडं भरायला. त्याआधी थकबाकीच्या कारणावरून दावा लावता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. गप्प राहिलात तर पुढे कोर्टात विचारतील, पोटभाडेकरू नव्हता तर तेव्हाच का नाही बोललात? आणि सगळं नाकबूल म्हटलंत तर भाडं 180 हेही नाकारलंत, पावत्या तर तुमच्याच कपाटात आहेत. मग जे खरोखर खोटं आहे ते नाकारलंत, तरी कोर्ट तुमचं खरं मानायला तयार होत नाही.

मीराताई, कलम 3 नीट सांगा. 14 महिने खरोखर दिलं नाही?

शनिवारची_मीरा:
नाही हो! आधीचे आठ महिने आईने रोख दिले, मालकांनी पावती दिली नाही. नंतरचे सहा महिने मनिऑर्डर केली, 'घेण्यास नकार' शेऱ्यानिशी परत आली. त्या पावत्या आहेत.

दप्तरी:
मग या कलमाचे दोन तुकडे करा. साधारण असं:

'कलम 3 मधील मजकूर खोटा असून आम्हांस कबूल नाही. पहिल्या आठ महिन्यांचे भाडे रोख दिले, मागूनही पावती दिली नाही. नंतरच्या सहा महिन्यांचे भाडे मनिऑर्डरने पाठविले, ते तुमच्या अशिलांनी नाकारले. आम्ही भाडे देण्यास सदैव तयार होतो व आहोत.'

आता व्यवहाराचं. सहा महिन्यांचे 1080 देणं आहेच. आठ महिन्यांच्या 1440 चा पुरावा नाही, म्हणून तेही हक्कांना बाधा न येता भरा. एकूण 2520 चा चेक उत्तरासोबत पोचपावतीने पाठवा आणि तसं उत्तरात लिहा. अडीच हजारांसाठी जागा पणाला लावू नका. 90 दिवस हुकले तरी दाव्याच्या समन्सनंतर आणखी 90 दिवस मिळतात, पण तेव्हा 15 टक्के व्याज आणि खर्चही भरावा लागतो.

कलम 1 मध्ये 'हा मालक नाही' असं चुकूनही लिहू नका. मालकी नाकारली तर ती तुमच्याविरुद्धच वापरली जाऊ शकते. 'वारसाबाबत आम्हांस माहिती नाही, कागद दाखवावेत' एवढंच लिहा. कलम 2 कबूल.

बाजीराव_रोड:
आणि भाचा? तो तर राहतोच आहे, म्हणजे कबुलीच झाली ना?

दप्तरी:
राहणं कबूल, पोटभाडं नाकबूल. 'आमचा भाचा शिक्षणासाठी आमच्यासोबत राहतो, त्याच्याकडून मोबदला घेत नाही, जागेचा ताबा आमच्याकडेच आहे.' भाच्याच्या खात्यातून तुमच्या खात्यात दरमहा पैसे येत असतील तर मात्र आधीच सांगा.

शनिवारची_मीरा:
मेसचे पैसे तो कधी कधी आईला पाठवतो.

दप्तरी:
मग 'मोबदला घेत नाही' हे वाक्य सध्या काढा. ते पैसे जेवणाचे आहेत, हे वकिलांना दाखवूनच शब्द ठरवा.

ओंकार_कोथरूड:
ओट्याचं काय? माझ्या मालकाने टाइल्सचेही पैसे कापले होते.

दप्तरी:
स्वयंपाकाचा उभा ओटा पक्क्या बांधकामात धरू नये अशी कायद्यात सवलत आहे, पण लागत असेल तिथे महापालिकेची परवानगी हवी. तुमच्या ओट्याला ती लागत होती का, हे जागा आणि कागद पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. 'ओटा बसवला, पक्के बांधकाम केले नाही' इतकंच लिहा. कलम 6 नाकारताना लिहा की त्यांच्या मुलाला गरज नाही आणि जागा गेली तर आईचे हाल होतील. त्यांची गरज खरी निघाली तरी कोणाची अडचण जास्त, हे कोर्टाला बघावंच लागतं.

शनिवारची_मीरा:
दादा, वाड्यात त्यांच्याच दोन खोल्या रिकाम्या आहेत, कुलूप लावून. हे लिहू?

दप्तरी:
हेच सगळ्यात आधी सांगायला हवं होतं! कलम 6 खाली पहिलं वाक्य तेच लिहा. कोणता मजला, किती दिवस बंद, वीजमीटर कोणाच्या नावे, सगळं.