मदत हवी आहे: जर्मनीतल्या इंटर्नशिपसाठी कॉलेजची एनओसी, विमा आणि निमंत्रणपत्र

लातूरची_मेकॅनिकल:
नमस्कार. मी लातूरला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या लॅबमधून ३ जून ते २३ ऑगस्ट अशा इंटर्नशिपचं निमंत्रणपत्र आलंय, थोडा स्टायपेंडही आहे. कॉलेजने दिलेल्या एनओसीत फक्त "जर्मनीला अभ्यासदौऱ्यास जाण्यास हरकत नाही" एवढंच आहे. एजंटने विमा ३ जून ते २३ ऑगस्टचाच काढून दिलाय. माझा विचार ३१ मेला निघून १ जूनला पोचायचा आणि ३० ऑगस्टला परत निघायचा आहे. एवढी कागदं पुरतील का? आणि एनओसीवर विद्यापीठाची सही लागते का? आमचं विद्यापीठ लोणेरेचं, म्हणजे सहीसाठी थेट रायगड जिल्हा गाठावा लागेल.

परभणीकर_काका:
बेटा, आधी शैक्षणिक कागदं खरी असल्याचं एपीएस प्रमाणपत्र काढ आणि ब्लॉक्ड अकाउंटला तिथल्या राहण्याच्या खर्चाचे पैसे भर. माझ्या मुलाला एमएससाठी दोन्ही लागलं होतं.

बीडचा_बंटी:
काका, ते पदवीला प्रवेश घेणाऱ्यांना. हिचं काम तीन महिन्यांच्या आतलं आहे. ताई, साधा टुरिस्ट शेंगेन व्हिसा काढा, विषय संपला.

जालना_ते_म्युनिक:
बंटी, शेंगेनचं बरोबर, टुरिस्टचं चूक. दिवस कमी असले तरी प्रवासाचा हेतू बदलत नाही. पर्यटनाच्या व्हिसावर लॅबमध्ये काम करता येत नाही, आणि अर्जासोबत निमंत्रणपत्र जोडलं की हेतू तिथेच दिसतो.

ताई, तुमच्या कागदांत मला तारखांची जास्त काळजी वाटते. शेंगेनमध्ये पोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस धरतात. १ जून ते ३० ऑगस्ट म्हणजे जूनचे ३०, जुलैचे ३१, ऑगस्टचे ३०, एकूण ९१. मर्यादा १८० दिवसांत ९० ची. २६ ऑगस्टला निघालात तर ८७ होतात आणि विमान रद्द झालं तरी हाताशी तीन दिवस राहतात.

विमा तुमच्या राहण्याच्या सगळ्या दिवसांचा हवा, फक्त कामाच्या दिवसांचा नाही. आत्ताच्या पॉलिसीत १ आणि २ जून उघडे पडलेत, शेवटचे दिवसही. भारतातून निघायच्या दिवसापासून काढा आणि परतीनंतरचे थोडे दिवस जास्त घ्या. प्रमाणपत्रावर तीन गोष्टी छापलेल्या असाव्यात: किमान ३०,००० युरोचं संरक्षण, सगळे शेंगेन देश, आणि आजारपणात किंवा मृत्यू झाल्यास मायदेशी परत आणण्याचा खर्च. आता लॅबचं. मशीनवर काम करताना हात कापला तर बऱ्याच प्रवास विम्यांत ते वगळलेलं असतं. अपघात विमा आणि तिथल्या वस्तूची नुकसानभरपाई कुणाकडे, हे लॅबला ईमेलने विचारून लेखी घ्या.

आणखी एक. विद्यार्थ्यांच्या इंटर्नशिपला तिथल्या रोजगार खात्याच्या झेडएव्ही विभागाची संमती लागते. तो अर्ज सहसा लॅब करते. त्यांनी केला का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा.

नांदेड_फ्रान्स:
मी फ्रान्सला गेले होते. तिथे ‘कन्व्हेन्शन द स्टाज’ नावाचा त्रिपक्षीय करार लागतो: आपली संस्था, तिथली संस्था आणि आपण. त्यावर सही झाल्याशिवाय काम सुरूच होत नाही. म्हणून म्हणते, विद्यापीठाची सही घ्याच.

जालना_ते_म्युनिक:
ताई, फ्रान्सला ते खरं. जर्मनीला तसा करार सक्तीचा नाही. लॅबने मागितला तर गोष्ट वेगळी. आधी लॅबला विचारा, मगच लोणेरेची गाडी पकडा. सहसा प्राचार्यांची सही, गोल शिक्का आणि जावक क्रमांक असलेलं लेटरहेडवरचं पत्र चालतं. पण "अभ्यासदौरा" हा शब्द आधी काढून टाका. निमंत्रणपत्र इंटर्नशिप म्हणतं आणि कॉलेज दौरा म्हणतं, मग व्हिसा अधिकाऱ्याने कुणाचं खरं धरायचं? पत्र इंग्रजीत असावं. पासपोर्टप्रमाणे नाव, शाखा, आत्ताचं सत्र, लॅबचं नाव, ३ जून ते २३ ऑगस्ट, काम अभ्यासक्रमाशी कसं जुळतं, आणि परतल्यावर तुम्ही सातव्या सत्राला बसणार, एवढं त्यात येऊ द्या.

नावाचंही पाहा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. लॅबवाले कधीकधी वडिलांचं नावच आडनाव समजून पत्र काढतात. पत्रावरची ओळ पासपोर्टशी अक्षरन्‌अक्षर जुळत नसेल तर आत्ताच बदलून मागा.

लातूरची_मेकॅनिकल:
दादा, पाहिलं. निमंत्रणपत्रावर खरंच वडिलांचं नाव आडनावाच्या जागी आहे! तिन्ही प्रश्नांची ईमेल आजच पाठवते. परतीचं तिकीट २६ चं बघते.

आता अडचण वेगळीच आहे. सातवं सत्र जुलैतच सुरू होतं. एचओडी सर म्हणतात, एनओसी देतो पण हजेरीचं लिहून देणार नाही. परत आल्यावर मला परीक्षेला बसू दिलं नाही तर?

नांदेड_फ्रान्स:
माझं काम पूर्ण सुट्टीत बसलं होतं, त्यामुळे हे मला सांगता येणार नाही.

जालना_ते_म्युनिक:
व्हिसासाठी ती ओळ नसली तरी चालेल, पण तुमच्यासाठी ती हवी. प्राचार्यांकडे वेगळा अर्ज द्या: या कालावधीतली गैरहजेरी मान्य करावी किंवा हे काम इंटर्नशिपच्या क्रेडिटमध्ये धरावं. पोच घ्या. तोंडी "बघू" वर थांबू नका. क्रेडिट मिळेल का, ते तुमच्या अभ्यासक्रमाच्या नियमांवर आहे. लोणेरेला संलग्न कॉलेजातून सातव्या सत्रात कुणी असं करून आलं असेल तर त्यांनी कृपया इथे लिहावं.