उत्तर: A आणि B बरोबर, तरी गणित चुकलं

> «x²/((x−1)(x−2)) मध्ये x = 1 आणि x = 2 घालून A = −1, B = 4 सरळ मिळाले. मग आधी भागाकार कशाला?»

प्रश्न आंशिक अपूर्णांकांचा आहे: तुम्ही ही राशी थेट A/(x−1) + B/(x−2) अशी फोडलीत. तुमचे A आणि B अगदी बरोबर आहेत, म्हणून तर ही चूक लक्षात येत नाही. आता x = 0 घालून बघा. मूळ राशी 0 येते, पण −1/(x−1) + 4/(x−2) ची किंमत 1 − 2 म्हणजे −1 येते. बरोबर 1 कमी पडतोय.

तो 1 भागाकाराचा आहे. छेद उलगडला की x² − 3x + 2. त्याने x² ला भागायचं. अंश x² + 0x + 0 असा लिहा, म्हणजे वजाबाकीत पदं सरकत नाहीत. भागाकार 1, बाकी 3x − 2. म्हणून

```
x²/((x−1)(x−2)) = 1 − 1/(x−1) + 4/(x−2)
```

x = 1 किंवा 2 घातलं की छेद शून्य होतो, त्यामुळे 1 × छेद हे पद त्या दोन्ही ठिकाणी गायब होतं. म्हणून बाकी घेतली काय आणि मूळ अंश घेतला काय, A, B तेच येतात. सहगुणकांची तुलना केली असती तर x² पाशी 1 = 0 असं निघालं असतं आणि तिथेच थांबला असता.

इंटिग्रेशनमध्ये हा 1 सुटला तर उत्तरातून अख्खा x जातो. मी वहीत अंशाची आणि छेदाची कोटी शेजारी लिहूनच पुढे जातो.