निबंधातले परिच्छेद भरकटतात, तपासायचे कसे? (मदत हवी आहे)

पाटीपेन्सिल: उद्या वह्या परत द्यायच्यात. पोरांची भाषा बरी आहे, पण परिच्छेद एका मुद्द्यावर टिकत नाही. ‘विषयांतर’ असा शेरा देऊन काही फरक पडत नाही. काही नेमकी पद्धत आहे का? लवकर सांगा.

रानवारा: इयत्ता कुठली? निबंध वैचारिक की आत्मकथन? एखादा परिच्छेद टाका की.

पाटीपेन्सिल: नववी, वैचारिक, पाणीबचत. हा घ्या: “आमच्या गावाला नदीचे पाणी येते. नदी उन्हाळ्यात आटते. उन्हाळ्यात आम्ही मामाकडे जातो. मामाकडे विहीर आहे. विहिरीत पोहायला मजा येते. म्हणून पाणी जपून वापरावे.”

जुनीशाळा: आधी अक्षर सुधारा. आमच्या वेळी रोज पानभर शुद्धलेखन असायचं.

घोकंपट्टी: सोपं आहे. मुख्य वाक्य पहिलंच हवं. नसेल तर गुण कापा.

रानवारा: पहिलंच कशाला? शेवटीही चालतं. इथे मुख्य वाक्य शेवटीच आहे, पण आधीची वाक्यं त्याला आधार देत नाहीत. प्रत्येक वाक्याशेजारी समासात ते कशाबद्दल आहे ते लिहा: नदी, आटणं, सुट्टी, विहीर, पोहणं, बचत. आता दिसेल, शेवटचं सोडलं तर प्रत्येक वाक्य मागच्या वाक्यातला शब्द धरून पुढे सरकतं. म्हणून वाचताना खटकत नाही आणि आपण फसतो. वाक्य शेजारच्याशी जुळतं का हे बघू नका, मुख्य वाक्याशी जुळतं का ते बघा. गाडी तिसऱ्या वाक्यात रुळावरून उतरली. शेवटच्या ‘म्हणून’वरही खूण करा: पोहायला मजा येते म्हणून पाणी जपायचं?

घोकंपट्टी: मग मामा खोडा, विषय संपला.

रानवारा: अहो, खोडायलाच हवा असं नाही. ‘आमची नदी आटते, पण मामाची विहीर मे महिन्यातही आटत नाही’ असं लिहिलं तर मामा मुद्द्यात बसतो. पोहणं मात्र जाईल. आणि घरी पाणी कसं पुरवून वापरतात, हे त्या पोराने लिहिलेलंच नाही. पाटीपेन्सिल, मुख्य वाक्य तुम्ही लिहून देऊ नका. ‘हा परिच्छेद कशासाठी लिहिलास?’ एवढंच विचारा, तो बोलेल ते वाक्य वर लिहायला लावा.

सोनचाफा: माझ्या लेकीने ‘मी फळा बोलतोय’ लिहिलंय. त्यातही मुख्य वाक्य शोधायचं का?

रानवारा: आत्मकथनात नको, ताई. तिथे परिच्छेद एका प्रसंगाचा आहे का एवढं बघा.

पाटीपेन्सिल: वर्गभर वह्यांच्या समासात कोण लिहीत बसेल?

रानवारा: वह्या अदलाबदल करून पोरांनाच लिहू द्या. दुसऱ्याचं भरकटणं लगेच दिसतं.

पाटीपेन्सिल: करून बघते. पण गुण किती कापू?

घोकंपट्टी: परिच्छेदाला एक.

रानवारा: छे! पहिल्या खेपेला कापूच नका, सुधारून आणल्यावर द्या.

घोकंपट्टी: म्हणजे परीक्षेतही सुधारून आणायचं का?