डिपॉझिटपुढे परतीची अटही लिहा

> खोली भाड्याने देण्याच्या जाहिरातीत भाडं, डिपॉझिट टाकलं तरी फोनवर तेच प्रश्न येतात.

आकडा असतो, पण त्यात काय धरलंय ते नसतं. पहिलीच ओळ अशी करा: ‘कर्वेनगर, फक्त मुली, एका खोलीत दोघी. प्रत्येकी ७५०० महिना, दोन वेळचं जेवण धरून. लाइटबिल वेगळं, सबमीटरप्रमाणे निम्मं-निम्मं.’ डिपॉझिटपुढे परतीची अट हवीच: ‘१५०००, महिनाभर आधी सांगितल्यास खोली सोडताना पूर्ण परत, रंगाचे पैसे कापणार नाही.’ खरी भांडणं याच कपातीवरून होतात, त्यामुळे कापणार असाल तर रक्कम आत्ताच लिहा. ‘वेळेत यावे’ याला अर्थ नाही. ‘गेट रात्री १० ला बंद, उशीर होणार असेल तर आधी फोन’ असं लिहा. ‘कॉलेज जवळ’ऐवजी ‘कमिन्स कॉलेज चालत १० मिनिटं’, तेही स्वतः चालून बघून.