शब्दचर्चा: मिनिप्रेपच्या तिसऱ्या द्रावणाला 'उदासिनीकरण' म्हणावं का?

वैदेही: बीएस्सीच्या मुलांसाठी प्लाझ्मिड मिनिप्रेपचं, म्हणजे जीवाणूंच्या पेशींतून प्लाझ्मिड हा छोटा वर्तुळाकार डीएनए वेगळा काढण्याचं, प्रात्यक्षिक मराठीत लिहितेय. पहिलं द्रावण 'पेशी कालवण्याचं' आणि दुसरं 'पेशी फोडण्याचं', इथपर्यंत ठीक जमलं. तिसरं पोटॅशियम अॅसिटेटचं. त्याला सगळे न्यूट्रलायझेशन म्हणतात म्हणून शाळेतला 'उदासिनीकरण' घेतला, पण मग नळीत तो दह्यासारखा पांढरा साका का धरतो ते या शब्दातून कळत नाही. दुसरा काही सुचतो का?

सुहास: शब्द बरोबर आहे, बदलू नका. दुसऱ्या द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड असतं, तिसऱ्यातलं आम्ल ते मारतं, सामू सातवर येतो. साका म्हणजे गुणसूत्राचा डीएनए.

विनायक: पेशी फोडण्याला लायसिस म्हणतात, ते डायलिसिसमधलंच ना? आमच्या मेव्हण्यांचं आठवड्यातून दोनदा असतं. तिथेही बायकार्बोनेटचं द्रावण वापरतात.

अनघा: विनायककाका, ग्रीक मूळ एकच, 'सुटणं'. बाकी संबंध नाही. मेव्हण्यांची काळजी घ्या.

सुहास, आम्ल अल्कलीला मारतं हे खरं, पण सात नाही. हिशोब करून पाहा. नेहमीच्या कृतीत दुसरं द्रावण २०० मायक्रोलीटर, त्यात ०.२ मोलर हायड्रॉक्साइड, म्हणजे ४० मायक्रोमोल. तिसरं १५० मायक्रोलीटर, त्यात मोकळं अॅसिटिक आम्ल सुमारे ३०० मायक्रोमोल. ४० गेले तरी भरपूर आम्ल उरतं आणि सामू पाचाच्या आसपास थांबतो. साकाही मुख्यतः डीएनएचा नाही. दुसऱ्या द्रावणातला पेशी फोडणारा डिटर्जंट, एसडीएस, पोटॅशियम भेटताच अविद्राव्य होतो आणि त्याला चिकटलेली प्रथिनं घेऊन खाली बसतो. गुणसूत्राचा डीएनए त्या गोळ्यात अडकून जातो.

म्हणूनच क्रम बदलून चालत नाही. पोटॅशियम आधी घातलं तर एसडीएस पेशींना हात लावण्याआधीच पांढरा होऊन बसेल आणि पेशी फुटणारच नाहीत. पहिल्या द्रावणात पेशींचा गाळ नीट कालवला नाही तर दुसऱ्यात गुठळीचं बाहेरचं कवच फुटतं आणि आतल्या पेशी शाबूत राहतात. प्लाझ्मिड कमी मिळतं आणि लोक किटला शिव्या देतात.

रोहन: विषय निघालाच आहे तर विचारतो. माझ्या प्लाझ्मिडवर EcoRI या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमची एकच जागा आहे. कापल्यावर जेलमध्ये रेषीय पट्टा दिसतो, पण त्याच्या बराच खाली एक अंधुक पट्टा उरतोच. एन्झाइम वाढवलं, रात्रभर ठेवलं, तो हलत नाही. चोवीस नळ्या एकदम केल्या होत्या. एन्झाइम खराब असेल का?

अनघा: न कापलेल्या नमुन्यातही तो पट्टा अतिकुंडलित प्लाझ्मिडच्या पुढे पळालेला दिसतो का?

रोहन: हो, थोडा पुढे. आणि पहिल्या काही नळ्यांत जास्त, शेवटच्यांत जवळजवळ नाही.

अनघा: मग एन्झाइम निर्दोष आहे. सामू बाराच्या वर गेला की गुणसूत्राचे तुकडे सुटून दोन धागे वेगळे होतात. प्लाझ्मिडचे धागेही एकमेकांपासून सुटू लागतात, पण दोन्ही बंद वर्तुळं साखळीच्या कड्यांसारखी अडकलेली असल्यामुळे लांब जाऊ शकत नाहीत. तिसरं द्रावण वेळेवर पडलं तर ते जसेच्या तसे जुळतात. गुणसूत्राचे लांबलचक धागे मात्र कसेही गुंततात आणि साक्यात जातात. प्लाझ्मिड जास्त वेळ अल्कलीत राहिलं की त्याच्याही धाग्यांचा चुकीचा गोळा होतो आणि तो परत उलगडत नाही. त्यावर EcoRI ला धरायला जागा नसते, तो जेलमध्ये पुढे पळतो आणि रंगही कमी घेतो.

पाच मिनिटांची मर्यादा प्रत्येक नळीची वेगळी असते. शेवटच्या नळीत दुसरं द्रावण पडेपर्यंत तुमच्या पहिलीची वेळ उलटून गेली. सहा-सहाच्या गटांनी करा आणि तिसरं त्याच क्रमाने घाला.

सुहास: मग नळी व्होर्टेक्स यंत्रावर जोरात घुसळली तर पेशी लवकर फुटतील, वेळ वाचेल.

अनघा: तेवढं करू नका. गुणसूत्राचे बारीक तुकडे होतात, ते साक्यात अडकत नाहीत आणि प्लाझ्मिडबरोबर वर राहतात. नळी चार-सहा वेळा हळू उलटी करायची. द्रव चिकट आणि बराच स्वच्छ झाला की झालं, पाच मिनिटं भरायलाच हवीत असं नाही.

वैदेही: म्हणजे तिसऱ्याला 'साका धरण्याचं द्रावण' म्हणू?

अनघा: मग धागे जुळण्याचं काम शब्दातून निसटतं. मी 'जुळणीचं' म्हणेन.

सुहास: परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत 'जुळणी' लिहिलं तर गुण कोण देणार? उदासिनीकरणच ठेवा.

वैदेही: पत्रकात 'उदासिनीकरण' ठेवते आणि खाली साका व जुळणी दोन्ही लिहिते. शब्द अजून पटलेला नाही. कुणाला सुचला तर सांगा, छपाई शुक्रवारी आहे.